शब्दांचं गुऱ्हाळ आटवताना

माहितीपटाची संहिता पहिल्यांदा हाती येते तेव्हा ती बहुतेक वेळा निबंधासारखी असते. लेखकाने विषयाचा अभ्यास केलेला असतो, भाषा चांगली असते, परिच्छेदामागून परिच्छेद सलग वाहत असतात. निर्मात्याला ती आवडते. मग तो म्हणतो, ‘छान झालंय, आता हे फक्त दोन रकान्यांत करून द्या.’ या वाक्यातला ‘फक्त’ फसवा आहे.

दोन रकान्यांची संहिता दिसायला अगदी साधी. कागदावर मधोमध एक रेघ. रेघेच्या डावीकडे पडद्यावर काय दिसणार ते, उजवीकडे काय ऐकू येणार ते. एका ओळीत समोरासमोर जे लिहिलं आहे ते एकाच वेळी घडतं, एवढाच तिचा नियम. माहितीपट, जाहिराती, शैक्षणिक आणि प्रचारपट अशा कामांत ही मांडणी रुळलेली आहे, कारण तिथे चित्र आणि निवेदन बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडून तयार होतं. कॅमेरामन डावा रकाना वाचतो, निवेदक उजवा, आणि एडिटर दोन्ही. कथापटाची पटकथा मात्र एका रकान्यात चालते. तिथे पात्रं जिथे दिसतात तिथेच बोलतात, त्यामुळे आवाज चित्रापासून वेगळा काढण्याची गरज पडत नाही.

नवखा माणूस निबंध घेतो, सगळा उजव्या रकान्यात ओततो आणि डाव्या रकान्यात प्रत्येक परिच्छेदासमोर ‘संबंधित दृश्ये’ असं लिहितो. कागद दोन रकानी झाला, संहिता होती तिथेच राहिली. ‘संबंधित दृश्ये’, ‘परिसराची विविध दृश्ये’, ‘कामाची लगबग’ ही तिन्ही अक्षरं दिसली की समजावं, इथे लेखकाला काहीही दिसलेलं नाही. कॅमेरामन ती वाचून जे समोर येईल ते टिपून आणतो. मग एडिटिंगच्या टेबलावर चाळीस सेकंदांचं निवेदन झाकायला तोच तो बैल किंवा तोच तो मावळता सूर्य तीनदा वापरावा लागतो.

खरं काम प्रत्येक वाक्य मधून चिरण्याचं आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावरच्या एका छोट्या माहितीपटाचा परिच्छेद घेऊन ते करून पाहू. हा परिच्छेद मी उदाहरणासाठी रचला आहे, पण असले परिच्छेद शेकड्याने येतात:

‘पहाटे अजून अंधार असतानाच गुऱ्हाळावर लगबग सुरू होते. तोडून आणलेला ऊस घाण्यात घातला जातो आणि निघालेला रस मोठ्या काईलीत सोडला जातो. काईलीखालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडं सतत घातली जातात. रस तापू लागला की त्यावर काळपट फेस येतो. ही मळी झाऱ्याने काढून टाकावी लागते. मळी नीट सुटावी म्हणून रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. पाक तयार झाला की नाही हे गुळव्या अनुभवाने ओळखतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गुऱ्हाळांची संख्या मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहे.’

वाचायला यात काहीच वावगं नाही. एकूण सत्त्याहत्तर शब्द. मराठी निवेदन मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्दांच्या वेगाने गेलं तर ऐकणाऱ्याच्या कानाला झेपतं, असा माझा हिशेब आहे. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात, म्हणून इंग्रजी निवेदनाचे आकडे इथे चालवू नयेत. मिनिटाला एकशे दहा धरले तर हा परिच्छेद वाचायला बेचाळीस सेकंद लागतील.

आता पहिल्या दोन वाक्यांकडे पाहा. अंधार, लगबग, ऊस घाण्यात जाणं, रस काईलीत पडणं या चारही गोष्टी डोळ्याला दिसतात, आणि दिसताना त्यांचा आवाजही येतो. घाण्याची घरघर, रसाची धार. प्रेक्षकाला हे दिसत असताना वर निवेदकाने ‘रस काईलीत सोडला जातो’ असं म्हटलं, तर तो आंधळ्याला सांगतोय असं वाटतं. म्हणून ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी डावीकडे जातात आणि उजवीकडे त्यांचा एक शब्दही उरत नाही. लेखकाला इथे पहिला धक्का बसतो, कारण अनेकदा हीच त्याची सर्वांत चांगली वाक्यं असतात. वर्णन चांगलं असतं म्हणजेच ते चित्र असतं, आणि चित्र झालं की त्याला उजवीकडे जागा नसते.

चिपाडांच्या वाक्यात एक गोष्ट दिसते आणि एक दिसत नाही. चुलवाणात चिपाडं ढकलणारा हात दिसतो. पण ती चिपाडं म्हणजे आधी गाळलेल्या उसाचाच वाळवलेला चोथा, आणि त्यामुळे गुऱ्हाळाला वेगळं सरपण लागत नाही, हे कॅमेरा सांगू शकत नाही. गंमत अशी की मूळ परिच्छेदात हा न दिसणारा भाग लिहिलेलाच नाही. निबंध लिहिताना हात आपोआप दिसणाऱ्या गोष्टींकडे वळतो. डाव्या रकान्यात चित्र लिहून झालं, की उजवा रकाना रिकामा समोर उभा राहतो आणि विचारतो, ‘मग मी काय सांगू?’ तेव्हा कुठे ही माहिती सुचते. रकाने पाडल्याने संहिता फक्त आखडत नाही. जे सांगायचं राहून गेलं होतं ते त्यातून वर येतं.

भेंडीच्या वाक्याचंही तसंच. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवलेला बुळबुळीत रस बादलीतून काईलीत पडताना दिसतो, पण त्या बादलीत काय आहे हे न सांगता कुणाला कळणार? तेवढं निवेदनाने सांगायचं. मळी वर येणं आणि झाऱ्याने काढणं मात्र चित्राचं काम.

‘गुळव्या अनुभवाने ओळखतो’ हे वाक्य सर्वांत घातक. त्यात चित्रही नाही आणि माहितीही नाही. अनुभव दिसत नाही. गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकतो, बोटांत धरून गोळी वळते का पाहतो, ते दिसतं. आणि तो कशावरून ठरवतो हे त्याच्याइतकं चांगलं दुसरं कुणी सांगू शकत नाही. म्हणून हे वाक्य निवेदकाच्या तोंडून काढून घ्यायचं आणि त्याच्या जागी गुळव्याचा बाइट ठेवायचा, त्याच्याच बोलीत. संहिता चित्रीकरणाआधी लिहिली जात असेल तर तो काय बोलेल हे आधी लिहून ठेवू नये. फक्त त्याला काय विचारायचं ते लिहावं. लिहिलेलं वाक्य त्याच्या तोंडी घालायला गेलं की तो गुळव्या राहत नाही, नाटकातला नट होतो.

शेवटच्या वाक्यासाठी तर कॅमेऱ्याकडे काहीच नाही. मानांकन कसं दाखवणार? इथे पडद्यावरची अक्षरं कामाला येतात. नाव आणि साल डोळ्यांनी एका क्षणात वाचलं जातं, कानांनी ते जड जातं. आणि ‘गुऱ्हाळं कमी होतायत’ याचं चित्र म्हणजे बंद पडलेलं एक गुऱ्हाळ. एवढं सगळं झाल्यावर परिच्छेद असा दिसतो:

| दृश्य | ध्वनी | से. |
|---|---|---|
| पहाट. उसाच्या फडापलीकडे गुऱ्हाळाचा धूर, लांबून. जवळून: बल्बच्या उजेडात ऊस घाण्यात जातो. रसाची धार काईलीत पडते. | घाण्याचा आवाज, रसाची धार. निवेदन नाही. | १२ |
| चुलवाणाचं तोंड. चिपाडं आत ढकलणारा हात. काईलीच्या कडेने रस हलू लागतो. | जाळाचा आवाज, मग दबून. निवेदन: हा जाळ आधी गाळलेल्या उसाच्या चिपाडांचा. वेगळं सरपण आणावं लागत नाही. | १० |
| बादलीतला बुळबुळीत रस काईलीत ओतला जातो. काळपट मळी जमते. झारा फिरतो, मळी बाहेर. | निवेदन: हा भेंडीच्या खोडांचा चिकट रस. उकळीबरोबर रसातला गाळ तो धरून वर आणतो. (पुढे फक्त उकळीचा आवाज) | १५ |
| गुळव्या. थंड पाण्यात पाकाचा थेंब. बोटांत गोळी वळते. | गुळव्याचा बाइट: पाक झाला हे कशावरून कळतं? | २० |
| बंद गुऱ्हाळ. उपडी पडलेली काईल, भोवती गवत. अक्षरं: कोल्हापुरी गूळ, भौगोलिक मानांकन २०१४ | वाऱ्याचा आवाज. निवेदन: नाव राखलं गेलं. गुऱ्हाळं मात्र दरवर्षी कमी होतायत. | १२ |

निवेदनाचे शब्द सत्त्याहत्तरवरून एकतीसवर आले. वेळ मात्र बेचाळीस सेकंदांवरून एकोणसत्तर सेकंदांवर गेला. हा उलटा हिशेब निर्मात्याला समजावणं हे या कामातलं सर्वांत कटकटीचं काम. त्याने दहा मिनिटांचा माहितीपट मागितलेला असतो, लेखकाने मोजून अकराशे शब्द लिहिलेले असतात आणि दोघंही खूष असतात. त्याच प्रमाणात ते दोन रकान्यांत गेले की सोळा मिनिटं होतात. चित्राला स्वतःचा श्वास लागतो. मळी जमायला, गोळी वळायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो. मग सहा मिनिटं कापायची वेळ येते. अशा वेळी निवेदनातले सुटे शब्द खुडत बसण्यापेक्षा एखादी अख्खी ओळ, म्हणजे चित्रासकट तो मुद्दाच, उचलून बाजूला ठेवलेला बरा. शब्द खुडले तर चित्र तेवढंच राहतं, म्हणजे वेळही तेवढाच.

शब्द चित्राला भारी होऊ शकतात याचा सर्वांत नावाजलेला दाखला १९३६ सालचा आहे. ब्रिटनच्या पोस्ट खात्याच्या फिल्म विभागाने ‘नाइट मेल’ नावाचा माहितीपट केला. लंडनहून स्कॉटलंडला रात्रभर टपाल वाहून नेणारी गाडी हा त्याचा विषय. त्याच्या शेवटच्या भागासाठी कवी डब्ल्यू. एच. ऑडनने पद्य लिहिलं आणि बेंजामिन ब्रिटनने संगीत दिलं. पद्य कापलेल्या चित्रफितीच्या लयीला जुळवून घ्यायचं होतं, त्यामुळे ऑडनच्या बऱ्याच ओळी गेल्या. त्यातली एक डोंगरांसाठी केलेली उपमा इतकी ताकदीची होती की तिच्यासमोर पडद्यावरचं कुठलंही चित्र फिकं पडलं असतं, म्हणून ती गाळली. ओळ वाईट म्हणून नव्हे, जास्त चांगली म्हणून गेली. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांतल्या जड आवाजाच्या निवेदनाची थिएटरात वर्षानुवर्षं थट्टा झाली. पण त्याच संस्थेसाठी एस. सुखदेव यांनी १९६७ साली ‘इंडिया ६७’ हा निवेदनाशिवायचा माहितीपट केला. म्हणजे उजव्या रकान्यात निवेदनाचा एक शब्दही नाही, आहेत ते आवाज आणि संगीत. अशा चित्रपटाची संहिता डाव्या रकान्याच्या जोरावरच उभी राहते.

म्हणून उजव्या रकान्याच्या डोक्यावर ‘निवेदन’ असं न लिहिता ‘ध्वनी’ असं लिहावं, असा माझा आग्रह असतो. ‘निवेदन’ लिहिलं की लेखक प्रत्येक चौकोन शब्दांनी भरू लागतो. ‘ध्वनी’ लिहिलं की त्याला घाणा आठवतो, जाळ आठवतो, शांतता आठवते. पहिल्या ओळीतले बारा सेकंद निवेदनाविना गेले तर प्रेक्षक कंटाळेल, ही भीती सहसा कागदावरची असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मात्र त्या ओळीतून कळतं की घाण्याचा आवाज स्वच्छ, वेगळा टिपून आणायचाय.

मराठी निवेदनाची एक खास अडचण आहे. आपलं वाक्य लांबत जातं आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ती गोष्ट कधीकधी पार शेवटी येते. ‘वेळेवर उतरवली नाही तर पाक करपवणारी, सात-आठ फूट रुंदीची ही काईल’ असं वाक्य कागदावर डौलदार दिसतं. पडद्यावर काईल दिसून, संपून, पुढचा शॉट सुरू झाल्यावर निवेदकाच्या तोंडून ‘काईल’ येतं. तेव्हा पडद्यावर झारा असतो. म्हणून वाक्य उलटवायचं: ‘ही काईल. वेळेवर उतरली नाही तर पाक करपतो.’ रुंदी सांगायची गरजच नाही, शेजारी माणूस उभा दिसला की कळते. ‘हा’, ‘ही’, ‘इथे’ हे छोटे शब्द दोन रकानी संहितेत फार कामाचे, कारण नाव घ्यायचं काम चित्र करतं. मात्र असा शब्द वापरला की त्याच ओळीत डावीकडे ती वस्तू असलीच पाहिजे. एडिटिंगमध्ये शॉट बदलला आणि निवेदन तसंच राहिलं, तर ‘हा भेंडीचा रस’ म्हणताना पडद्यावर ट्रॅक्टर दिसतो.

उजवा रकाना मोठ्याने वाचण्यासाठी आहे, हेही लिहितानाच पाळावं. ‘मिळाले’ लिहिलं तर निवेदक ‘मिळाले’ वाचेल आणि भाषण देतोय असं वाटेल. ‘मिळालं’ वाचायचं असेल तर ‘मिळालं’ लिहावं. आकडे उजवीकडे अक्षरांत, ‘दोन हजार चौदा’. डावीकडे पडद्यावरच्या अक्षरांत मात्र आकड्यांतच.

कागदावरची मांडणी करताना बहुतेक जण एक ठरलेली चूक करतात. वर्डमध्ये `Layout` मधलं `Columns` वापरून दोन रकाने पाडतात. ते वर्तमानपत्राचे रकाने असतात. डावा भरला की मजकूर उजव्यात वाहत जातो, समोरासमोरच्या ओळींचं एकमेकांशी नातं नसतं. वर एक वाक्य वाढवलं की खाली सगळं घसरतं. टॅब आणि स्पेस देऊन ओळी जुळवणाऱ्यांची अवस्था तर याहून वाईट. इथे टेबलच हवं, कारण टेबलात एक आडवी ओळ म्हणजे एक बांधलेला तुकडा असतो. डावीकडचं कितीही वाढलं तरी उजवीकडचं त्याच्यासमोरच राहतं.

सलग संहिता टेबलात आणायची सोपी रीत अशी. आधी मूळ मजकूर वाचत जायचं आणि जिथे चित्र बदलणार असं वाटतं तिथे एंटर मारत जायचं. वाक्य मध्येच तुटलं तरी चालेल. मग सगळा मजकूर निवडून `Insert` > `Table` > `Convert Text to Table` मध्ये जायचं, `Separate text at` खाली `Paragraphs` निवडायचं आणि रकान्यांची संख्या १ ठेवायची. प्रत्येक तुकड्याची एक ओळ होते. त्या रकान्यात उभं राहून टेबलाच्या `Layout` मधून `Insert Left` केलं की डावीकडे पूर्ण रिकामा रकाना मिळतो. तो रिकामा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला की पुढच्या कामाचा अंदाज येतो. टेबलाच्या `Properties` मध्ये जाऊन `Allow row to break across pages` ची खूण काढली की एकच ओळ अर्धी या पानावर, अर्धी पुढच्या पानावर असं होत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली संहिता असेल तर तिचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं, नाहीतर टेबल हाती जाईल तिथे अक्षरांची भुसकट होते.

डावा रकाना भरताना एक प्रश्न वारंवार विचारावा लागतो: हे चित्र मिळणार आहे का? गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात. संहिता मे महिन्यात मंजूर झाली आणि चित्रीकरण जूनमध्ये ठरलं, तर पहिल्या चार ओळींतलं काहीही हाती लागणार नाही. मिळेल फक्त पाचव्या ओळीतलं बंद गुऱ्हाळ, तेही खरं तर हंगाम नसल्यामुळे बंद असलेलं. ते ‘बंद पडलेलं’ म्हणून दाखवणं म्हणजे खोटं. सलग संहितेत हा घोळ कुणाच्याच लक्षात येत नाही. डाव्या रकान्यात एकेक चित्र मांडलं की निर्माता कॅलेंडर काढतो.

चित्रीकरणाआधी भरलेला डावा रकाना म्हणजे इच्छायादी असते. परतल्यावर तो पुन्हा लिहावा लागतो, आलेल्या चित्रांप्रमाणे. पहाटे धुकं दाट होतं, धूर दिसलाच नाही. पण काईल उतरवताना चौघांनी एकदम दिलेला जोर असा टिपला गेला की कुणी कल्पनाही केली नव्हती. मग पहिली ओळ जाते, काईल उतरवण्याची नवी ओळ येते, आणि तिच्यासमोर उजवीकडे काही लिहायचं का, हे पुन्हा नव्याने ठरवावं लागतं. गुळव्याचा बाइट आता कागदावर उतरवून शब्दशः टाकता येतो, कुठल्या मिनिटाला सुरू होतो आणि कुठे संपतो त्याच्या नोंदीसह. यातून एडिटरचं काम निम्मं होतं. तिसरा, सेकंदांचा रकाना आता अंदाजाचा राहत नाही. एडिट झालेल्या फितीवरून तो भरला जातो, आणि निवेदकाच्या हाती जाते ती प्रत त्यानंतरची. त्या प्रतीत प्रत्येक निवेदनासमोर किती सेकंद मोकळे आहेत ते लिहिलेलं असतं. सात सेकंदांत ‘उकळीबरोबर रसातला गाळ तो धरून वर आणतो’ एवढं सहज बसतं की घाई होते, हे निवेदक मायक्रोफोनसमोर एकदा वाचून सांगतो. घाई होत असेल तर ‘उकळीबरोबर’ काढून टाकतात, कारण उकळी समोर दिसतच असते.